वादळात गेलेला अ‍ॅडव्हान्स

प्रश्न: मी 24 वर्षांचा, मालवणजवळच्या एका काजू कारखान्यात दोन वर्षं हिशेब बघतो. मार्चचं क्लोजिंग करताना एका पुरवठादाराच्या खात्यात जुना 65,000 रुपयांचा अ‍ॅडव्हान्स पडून दिसला. माल आल्याची नोंद नाही, कोणाला काही आठवत नाही. मालक म्हणतात, खर्चात टाक आणि मोकळा हो. टाकू का? पुस्तकातलं उत्तर नको, तुमच्या पाहण्यात असं काही घडलं असेल तर ते सविस्तर सांगा.

उत्तर:

इतक्यात टाकू नका. आधी देवगडकडच्या एका कॅनिंगवाल्याकडे घडलेलं सांगतो. मी तीस वर्षं या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब तपासतोय, पण या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिथल्या एका तेवीस वर्षांच्या मुलीने.

ती बी.कॉम. करून नुकतीच कामाला लागली होती. कारखाना लहान, हापूसचा पल्प काढून डब्यात भरणारा. वर्षातले दोन महिने श्वास घ्यायला फुरसत नाही आणि बाकीचे दहा महिने शांतता. एप्रिल 2024 मध्ये ती 31 मार्चची पुस्तकं बंद करत होती. मी तपासणीला जायच्या आधी तिने मला फोन केला. "सर, टॅलीत `Sundry Creditors` चा एकूण आकडा जमा बाजूला दिसतोय, बरोबर आहे. पण मी आत गेले तर एक खातं नावे बाजूला आहे, दोन लाख चाळीस हजार. आणि ते तीन वर्षं हललेलंच नाही."

तिच्या आधीच्या अकाउंटंटना, आणि खरं सांगायचं तर मलाही, ते दोन वर्षं दिसलं नव्हतं. त्याचं कारण आधी समजून घ्या. देणेकऱ्यांच्या गटात पंचवीस-तीस खाती असतात. बहुतेकांना आपण पैसे देणं लागतो, म्हणून ती जमा बाजूला. एखाद्याला आगाऊ रक्कम दिलेली असेल तर तो नावे बाजूला. टॅली ताळेबंदात गटाचा एकच निव्वळ आकडा दाखवते. तिच्याकडे देणी होती 33,92,000 आणि मधे हे 2,40,000 येणं. पानावर दिसायचे 31,52,000, आणि ते खरेच वाटायचे. दुसरं म्हणजे ज्याचे पैसे आपल्याकडे अडकतात तो दर आठवड्याला फोन करतो. ज्याच्याकडे आपले पैसे अडकलेत तो कशाला फोन करेल? विसरलेल्या अ‍ॅडव्हान्सची आठवण करून देणारं कोणी नसतं.

तिला ते दिसलं, कारण ती एक साधी गोष्ट करत होती. गटाचा `Group Summary` उघडून तिने सुरुवातीची शिल्लक, वर्षातले व्यवहार आणि अखेरची शिल्लक असे तिन्ही रकाने लावले, आणि ज्यांच्या सुरुवातीच्या आणि अखेरच्या आकड्यात काही फरक नाही ती खाती बाजूला काढली. वर्षभर ज्या खात्यात एकही नोंद नाही ते खातं एक तर मेलेलं असतं, नाहीतर विसरलेलं. अशी पाच निघाली. दोन फुटकळ, काही रुपयांची. एक वाहतूकदार, ज्याच्याशी वाद चालू होता. एक हे 2,40,000. पाचव्याबद्दल पुढे येतोच.

तिने खात्यातली एकमेव नोंद उघडली. 9 एप्रिल 2021, बँकेतून एनईएफटी, 2,40,000. टॅलीत ही रक्कम `On Account` म्हणून टाकलेली. म्हणजे कुठल्या बिलापोटी, कुठल्या ऑर्डरपोटी, काही नाही. त्या वेळी `Advance` हा प्रकार निवडून ऑर्डरचा नंबर टाकला असता तर थकबाकीच्या यादीत ही रक्कम दरवर्षी अ‍ॅडव्हान्स म्हणून वर आली असती. `On Account` ही टॅलीतली अडगळीची खोली आहे. घाईत सगळे तिथे टाकतात.

ती मालकांकडे गेली. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंनी नाव ऐकलं आणि लगेच ओळखलं. कोल्हापूरकडचा डब्यांचा कारखानदार. 2021 च्या हंगामासाठी तीन किलोच्या पल्पच्या डब्यांची ऑर्डर दिली होती, दहा हजार डबे, साठ रुपये दराने सहा लाखांचे, चाळीस टक्के आगाऊ. मग 16 मे ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. झाडावरचा आंबा एका दिवसात खाली आला. त्यात लॉकडाऊन चालू. कॅनिंगला फळच उरलं नाही, डबे घेऊन करणार काय? भाऊंनी फोन करून ऑर्डर थांबवली. कारखान्याचं पत्र्याचं छप्पर उडालं होतं, त्याची धावपळ. जुने अकाउंटंट त्या दिवाळीला नोकरी सोडून गेले. अ‍ॅडव्हान्स कोणाच्याच डोक्यात राहिला नाही.

"अगो, ते पैशे वादळात गेले," भाऊ म्हणाले. "आंबो पडलो तसे ते पण पडले. टाक खर्चात नि सोडव एकदाचा."

तिने मला परत फोन केला. मी तिला एकच सांगितलं, खर्चात टाकायच्या आधी तीन माणसांना विचार: बँकेला, गोडाऊनला आणि समोरच्याला. आणि याच क्रमाने विचार, कारण समोरच्याला विचारायला जाताना आपला आकडा पक्का पाहिजे.

बँकेचं काम सोपं होतं. एप्रिल 2021 च्या स्टेटमेंटमध्ये रक्कम गेलेली होती, परत आलेली नव्हती. पुढच्या तीन महिन्यांची स्टेटमेंटही तिने पाहिली, कारण खात्याचा नंबर चुकला तर एनईएफटी परत येते आणि ती परत आलेली रक्कम कधीकधी चुकून दुसऱ्याच खात्यात जमा केली जाते. तसं काही नव्हतं. जुन्या ईमेलमध्ये त्या कारखानदाराची प्रोफॉर्मा इन्व्हॉइसही मिळाली.

गोडाऊनमध्ये मात्र गोष्ट फिरली. तिथे तात्या म्हणून स्टोअरकीपर आहेत, पंचवीस वर्षांचे जुने. तिने सहज विचारलं, "तात्या, 2021 ला त्या कोल्हापूरच्यांचे डबे आलेच नव्हते ना?" तात्या म्हणाले, "इले नाय कशे? एक गाडी इली होती. वादळाच्या आठ-धा दिस आधी. फोंडाघाटातसून इली, रात्री उतरवलंव." आणि त्यांनी आवक रजिस्टर काढलं. ओल धरलेलं, पानं चिकटलेली, पण नोंद होती: 6 मे 2021, डबे 2,000, लॉरीचा नंबर, बिल्टीचा नंबर.

डबे आले तर बिल कुठे गेलं?

तिने खरेदीच्या वहीत मे 2021 चं पान काढलं. बिल होतं. दोन हजार डबे साठ रुपयांनी 1,20,000, त्यावर अठरा टक्के जीएसटी 21,600, एकूण 1,41,600. फक्त ते दुसऱ्याच खात्याला जमा होतं. पहिल्या खात्याचं नाव कारखान्याच्या नावातली दोन आद्याक्षरं आणि पुढे "डबेवाले", पैसे पाठवायच्या घाईत उघडलेलं, जीएसटी क्रमांकाशिवाय. दुसरं खातं बिलावरचं पूर्ण नाव आणि जीएसटी क्रमांकासह. हंगामात मदतीला घेतलेल्या कोणी तरी बिल टाकताना नाव शोधलं, सापडलं नाही, म्हणून `Alt+C` दाबून नवं खातं उघडलं. टॅलीत हे दोन सेकंदांचं काम आहे. हेच ते पाचवं न हललेलं खातं. 1,41,600 जमा, तीन वर्षं तसंच.

म्हणजे बघा काय झालं होतं. एकाच माणसाची दोन खाती, एकात आपण त्याच्याकडून 2,40,000 घेणं लागतो, दुसऱ्यात त्याला 1,41,600 देणं लागतो. दोन्ही खोटी. खरं येणं होतं 98,400.

भाऊंचं ऐकून 2,40,000 खर्चात टाकले असते तर नफा तेवढ्याने कमी दिसला असता, आणि 1,41,600 चं खोटं देणं तसंच राहिलं असतं. मग पुढच्या एखाद्या वर्षी कोणी तरी जुनं देणं म्हणून ते चुकतं केलं असतं, म्हणजे त्याच डब्यांचे दुसऱ्यांदा पैसे. आणि त्या खोट्या देण्याला जीएसटीचाही काटा होता. पुरवठादाराच्या बिलाचे पैसे बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. दोन खाती वेगळी पाहणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याला त्या 21,600 वर बोट ठेवता आलं असतं. प्रत्यक्षात त्या डब्यांचे पैसे बिलाच्या आधीच गेले होते, फक्त पुस्तकं ते सांगत नव्हती. मी पाहिलेल्या विसरलेल्या अ‍ॅडव्हान्सपैकी बरेच असेच निघाले आहेत. पैसे हरवलेले नसतात, बिल शेजारच्या खात्यात बसलेलं असतं. म्हणून जीएसटी क्रमांकावरून खाती ताडून पाहायची सवय लावा. त्या क्रमांकातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे त्या माणसाचा पॅन. दोन राज्यांत नोंदणी असेल तरी पॅन एकच राहतो, तेव्हा जुळी खाती लगेच उघडी पडतात. पण इथे पहिल्या खात्याला क्रमांकच नव्हता. त्यामुळे कॉम्प्युटरने काही सांगितलं नाही, तात्यांनी सांगितलं.

आता तिसरा माणूस, समोरचा. इथे ती एक चूक करणार होती. तिने पत्र लिहिलं होतं, "आमच्या पुस्तकाप्रमाणे आपल्याकडून 98,400 येणे आहे, कृपया खात्री करावी." मी तिला पत्रातला आकडा काढून टाकायला लावला. आपण आकडा दिला की समोरचा एक तर न बघता सही करतो, नाहीतर न बघता नाकारतो. दोन्हीचा उपयोग नाही. पत्र असं गेलं: "दि. 1 एप्रिल 2021 ते 31 मार्च 2024 या काळातला आमच्या खात्याचा आपल्या पुस्तकातला पूर्ण उतारा सही-शिक्क्यासह पाठवावा."

चार दिवसांनी तिकडच्या अकाउंटंटचा फोन आला. "मॅडम, आमच्याकडे तुमची बाकी शून्य आहे."

ती खचली. भाऊ म्हणाले, बघ, सांगितलं होतं ना. मी म्हटलं, शून्य हा शेवटचा आकडा झाला, आपण उतारा मागितलाय. शून्यापर्यंत ते कसे पोचले ते पानावर दिसू दे. बहुतेक लोक या फोननंतर थांबतात. तिने थांबायचं नाकारलं. तिने परत फोन केला, अगदी नम्रपणे, की आमचे ऑडिटर मागतायत, उतारा पाठवाच. उतारा आला. 9 एप्रिल 2021, जमा 2,40,000. 6 मे 2021, बिल नावे 1,41,600. बाकी जमा 98,400. पुढे दोन वर्षं काही नाही. आणि 31 मार्च 2023 ला एक जर्नल: 98,400 "जुन्या बाक्या जमा" या उत्पन्नाच्या खात्यात वळवलेले.

म्हणजे आपण जी रक्कम तोटा म्हणून खर्चात टाकायला निघालो होतो, तीच त्यांनी उत्पन्न म्हणून घेऊन टाकली होती. यात त्यांचा कावा होता असं मला वाटत नाही. त्यांच्याकडेही कोणी तरी मार्चअखेर जुन्या बाक्या साफ करत बसलं असेल. पण एक लक्षात ठेवा. देणेकऱ्याने आपल्या वहीत एकतर्फी नोंद करून रक्कम उत्पन्नात घेतली म्हणून देणं संपत नाही. देणं दोघांमधलं असतं आणि ती वही एकट्याची असते. उलट त्या उताऱ्याने आपलं काम सोपं केलं. आकडा पैशापर्यंत जुळला, आणि रक्कम आली होती हे त्यांच्याच कागदावर होतं.

मात्र घाई होती, आणि ती क्लोजिंगची नव्हती. मुदतीच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे 1963 च्या लिमिटेशन अ‍ॅक्टप्रमाणे, असे पैसे परत मागायला तीन वर्षं मिळतात. ज्या कारणासाठी पैसे दिले ते कारण फसलं त्या दिवसापासून मोजायची. ऑर्डर फोनवर थांबली मे 2021 च्या शेवटी, म्हणजे मे 2024 च्या शेवटी मुदत संपत होती. ती मला हे सगळं सांगत होती तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. करोनाकाळात सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता, त्यामुळे वकिलांच्या मते आमच्याकडे अजून बराच वेळ होता. पण सवलतीच्या भरवशावर बसण्यापेक्षा साध्या मोजणीत बसणारी सही मिळवावी असं मी म्हटलं. मुदत संपायच्या आत समोरच्याने येणं लेखी कबूल करून सही केली की त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. मुदत संपल्यावर केलेल्या नुसत्या कबुलीने तसं होत नाही. तेव्हा "देईन" असं लेखी, सहीनिशी वचनच लागतं, आणि ते कोण देतं?

म्हणून भाऊंना फोन करायला लावला. ते त्या कारखानदाराला वीस वर्षं ओळखतात. भाऊ आधी कुरकुरले, मग फोन उचलला आणि दहा मिनिटं आंब्याच्या मोहोराबद्दलच बोलले. शेवटी विषय काढला. समोरचा म्हणाला, "भाऊ, पैसे परत मागू नका, यंदाच्या डब्यांत वळते करून घ्या." 2 मे 2024 ला एका ओळीचं पत्र आलं, सही-शिक्क्यासह: 31 मार्च 2024 रोजी आपले 98,400 रुपये आमच्याकडे जमा आहेत व ते पुढील पुरवठ्यात वळते करू.

आता पुस्तकं. जुन्या वर्षांना हात लावायचा नाही, हे मी तिला बजावलं. 2021 ची नोंद आज उघडून दुरुस्त करायचा मोह होतो, पण त्या वर्षाचे ताळेबंद सही झालेले, विवरणपत्रं भरलेली, सुरुवातीच्या शिलकी पुढे गेलेल्या. दुरुस्ती 31 मार्च 2024 च्या तारखेला एकाच जर्नलने झाली. जीएसटी क्रमांक असलेलं खातं 2,40,000 ने नावे, घाईत उघडलेलं खातं तेवढ्यानेच जमा. घाईत उघडलेलं शून्य झालं. ज्या खात्यात नोंदी आहेत ते टॅली काढून टाकू देत नाही, म्हणून त्याच्या नावापुढे "वापरू नये" असं लिहिलं. चालू राहिलेल्या खात्यात 1,41,600 च्या बिलासमोर अ‍ॅडव्हान्समधली तेवढी रक्कम `Agst Ref` ने जोडली आणि उरलेले 98,400 `Advance` म्हणून ऑर्डरच्या नंबरासह ठेवले. नफ्या-तोट्यावर परिणाम शून्य.

ताळेबंदात मात्र ही रक्कम देणेकऱ्यांच्या गटात निव्वळ करून ठेवायची नाही. ती मालमत्तेच्या बाजूला "पुरवठादारांना दिलेले अ‍ॅडव्हान्स" म्हणून वेगळी दाखवायची. बँकेचं कॅश क्रेडिट असलेल्यांनी तर हे सोडूच नये. बँक उचलीची मर्यादा काढताना मालाच्या किमतीतून देणी वजा करते. देणी खोटी कमी दिसली तर मर्यादा खोटी जास्त निघते, आणि ते उघड झालं की उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

2 मे चं पत्र 31 मार्चनंतरचं आहे, मग ते मागच्या वर्षाला कसं चालेल, असं तिने विचारलं होतं. चालतं. ताळेबंदावर सही होण्याआधी मिळालेला कागद जर 31 मार्चला असलेल्या परिस्थितीबद्दल सांगत असेल तर तो त्या वर्षाचाच पुरावा. डब्यांचं नवं बिल मात्र नव्या वर्षात.

आणि रक्कम मिळणारच नसती तर? तो कारखाना बंद पडला असता, माणूस सापडला नसता, तर 98,400 खर्चात टाकावेच लागले असते. पण तेव्हाही ते बुडीत कर्ज म्हणून नाही. बुडीत कर्जाची वजावट मिळायला ती रक्कम आधी कधी तरी आपल्या उत्पन्नात धरलेली असावी लागते, विक्रीच्या उधारीसारखी. पुरवठादाराचा अ‍ॅडव्हान्स कधीच उत्पन्नात आलेला नसतो. तो धंद्यातला तोटा म्हणून मागायचा, आणि त्यासाठी पत्रं, फोनच्या तारखा, समोरच्याची परिस्थिती, मालकांचा लेखी निर्णय असं सगळं फायलीत लागतं. हीच रक्कम डब्यांऐवजी पल्परच्या मशीनसाठी दिलेली असती तर तो भांडवली तोटा झाला असता आणि धंद्याच्या उत्पन्नातून वजा करायला मोठी अडचण आली असती. म्हणून अ‍ॅडव्हान्स कशासाठी होता, हे शोधल्याशिवाय नोंद करता येत नाही.

आता तुमच्या 65,000 बद्दल. तुमचा धंदा काजूचा, म्हणून तुमच्याकडे एक फरक आहे. अ‍ॅडव्हान्स पॅकिंगवाल्याला किंवा नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला दिला असेल तर त्या काळातलं `GSTR-2B` काढा. त्याने बिल करून आपल्या विवरणपत्रात दाखवलं असेल तर ते तिथे दिसेल, तुमच्याकडे टाकलं गेलं असो वा नसो. पण रक्कम थेट बागायतदाराला काजू बीसाठी दिली असेल तर तिथे काही दिसणार नाही, कारण शेतकऱ्याकडून घेतलेल्या बियांचा कर तुम्ही स्वतः रिव्हर्स चार्जने भरता. मग तुमची स्वतःची केलेली बिलं बघा, आणि काट्याच्या पावत्या. हंगामात शंभर पोती उतरतात, तेव्हा वजन एकाच्या नावावर आणि पैसे त्याच्या भावाच्या खात्यात, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. त्या कराच्या बाबतीत पैसे दिल्याची तारीखही मोजली जाते, तेव्हा अ‍ॅडव्हान्स दिला त्या महिन्यात कर भरला गेला होता का, तेही तपासून घ्या.

तुम्ही म्हणता कोणाला काही आठवत नाही. त्यात गोडाऊनवाला आला का? हमाल आले का? तुमच्या ऑफिसात बसलेल्यांनाच विचारलं असेल तर आज संध्याकाळी आवक रजिस्टर घेऊन गोडाऊनमध्ये जा. आणि पैसे कोणत्या तारखेला गेले, व्यवहार कधी फसला, त्यात तीन वर्षं मिळवली तर कोणती तारीख येते, ते आधी कागदावर लिहून मालकांपुढे ठेवा. ती तारीख जवळ असेल तर क्लोजिंग दोन दिवस थांबेल, पण सही थांबणार नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. मे 2024 च्या मध्यावर फोंडाघाटातून डब्यांची गाडी आली. तीन हजार डबे, सहासष्ट रुपये दराने, जीएसटीसह 2,33,640 चं बिल. तिने बिल टाकलं, त्यासमोर 98,400 जोडले आणि उरलेल्या 1,35,240 चा चेक भाऊंच्या सहीला ठेवला. भाऊंनी बिल उलटून पाहिलं, चेक पाहिला, आणि तिला विचारलं, "उरलेले खंय गेले?" तिने खात्याचा उतारा त्यांच्यापुढे सरकवला.